तुमच्या सिस्टमला मी कशावर आहे असं वाटतं?

सपोर्टच्या इनबॉक्समध्ये एका ग्राहक बाईंची मेल आली होती. खात्याच्या सुरक्षा पानावर ‘लॉगिन असलेली डिव्हाइसेस’ अशी यादी असते, तिचा फोटो काढून त्यांनी पाठवला होता. यादीत एकच ओळ होती: ‘मॅक, सफारी’. खाली त्यांनी लिहिलं होतं, "माझ्याकडे मॅक नाही. घरात कुणाकडेच नाही. माझ्या खात्यात कोण शिरलंय?"

आमच्याकडून तासाभरात उत्तर गेलं: "आपण आपल्या मॅकवरून सफारी ब्राउझरमध्ये लॉगिन केलेलं आहे." ज्याने लिहिलं त्याने पडद्यावर जे दिसलं तेच लिहिलं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने तो खरंच बोलत होता. बाईंनी पासवर्ड बदलला आणि पुन्हा लॉगिन केलं. यादीत पुन्हा मॅक. त्यांनी पुन्हा बदलला. तिसऱ्या वेळी मेल न करता त्यांनी खातंच बंद करायला सांगितलं. ते प्रकरण माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, तो खरं तर पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: तुमच्या हातात आत्ता काय आहे? उत्तर आलं, आयपॅड.

त्यांच्या खात्यात कुणीच शिरलेलं नव्हतं. यादीतला मॅक म्हणजे त्यांचाच आयपॅड होता. पासवर्ड कितीही वेळा बदलला असता तरी तो मॅकच दिसला असता.

हे असं का होतं ते कळलं की ‘मी कुठल्या डिव्हाइसवर आहे असं तुम्हाला वाटतं?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर कसं द्यायचं तेही बरंचसं कळतं. म्हणून आधी सिस्टमला नेमकं काय दिसतं ते पाहू.

ब्राउझर एखादं पान मागतो तेव्हा त्या मागणीसोबत काही ओळी पाठवतो. त्यांतली एक म्हणजे `User-Agent`. ब्राउझरने स्वतःबद्दल लिहिलेली ही चिठ्ठी. बाईंच्या आयपॅडकडून आलेली चिठ्ठी साधारण अशी होती:

```
Mozilla/5.0 (Macintosh; Intel Mac OS X 10_15_7)
AppleWebKit/605.1.15 (KHTML, like Gecko)
Version/17.4 Safari/605.1.15
```

(ती एकाच ओळीत येते, इथे वाचायला सोपी जावी म्हणून तोडली आहे.) हिच्यात आयपॅड हा शब्द कुठेच नाही. २०१९ साली आयपॅडओएस १३ आलं, तेव्हापासून आयपॅडवरची सफारी मोबाइलचं पान न मागता संगणकाचं पान मागू लागली, आणि ते मिळावं म्हणून स्वतःला मॅक म्हणवून घेऊ लागली. हेतू चांगला होता. मोठ्या पडद्यावर फोनसाठी केलेलं ताणलेलं पान कुणालाच नको असतं. पण आमच्यासारख्या यादी छापणाऱ्यांना मात्र ती चिठ्ठी शब्दशः खरी वाटली.

चिठ्ठीतल्या इतर गोष्टीही तपासून पाहा. ‘Intel’ लिहिलंय, पण त्या आयपॅडमध्ये इंटेलची चिप नाही. अॅपलचे स्वतःच्या चिपचे मॅक २०२० पासून विकले जातात, तेही इथे ‘Intel’च सांगतात. ‘10_15_7’ ही मॅकच्या एका जुन्या आवृत्तीची संख्या आहे, आणि नवीन मॅकही तीच पाठवतात, कारण ती तिथेच गोठवून ठेवली आहे. सुरुवातीचं ‘Mozilla’ तर नव्वदच्या दशकातल्या नेटस्केपचं टोपणनाव. त्या काळी काही साइट्स हे नाव पाहूनच चांगलं पान द्यायच्या, म्हणून दुसऱ्या ब्राउझरांनीही ते लावलं, मग तिसऱ्यांनी लावलं, आणि आज जवळपास प्रत्येक ब्राउझर मोझिला असल्याचं सांगत फिरतो. थोडक्यात, ही चिठ्ठी ओळखपत्र म्हणून कधी लिहिलीच गेली नव्हती. आपल्याला दारातून हाकलू नये एवढ्यासाठी ती लिहिली जाते.

आता त्या पहिल्या उत्तराकडे परत जाऊ. "आपण आपल्या मॅकवरून लॉगिन केलेलं आहे" या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. आम्हाला काय मिळालं, त्यावरून आम्ही काय ठरवलं, आणि आम्हाला काय माहीतच नाही. मिळाली होती एक चिठ्ठी, तिच्यात ‘Macintosh’ असा शब्द. आमच्या प्रोग्रॅमने त्यावरून ठरवलं ‘मॅक’. आणि हे यंत्र खरोखर मॅक आहे की नाही, ते कुणाचं आहे, कुणाच्या मांडीवर आहे, यातलं आम्हाला काहीही माहीत नव्हतं. तरी वाक्यात ‘आपल्या’ हा शब्द होता! तो कुठून आला हे मी त्या सहकाऱ्याला विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, "अरे, ते टेम्प्लेटमध्येच आहे."

मग आम्ही दुसरा मसुदा लिहिला: "आमच्या सिस्टमनुसार हे बहुधा मॅक असावं." हा जास्त नम्र वाटतो, पण मला तोही पटला नाही. बाईंना आयपॅडची शक्यता आहे हे माहीतच नसेल तर ‘बहुधा’चा त्यांना काय उपयोग? नव्वद टक्के मॅक आणि दहा टक्के आणखी काहीतरी, एवढंच त्यांना कळणार. ते आणखी काहीतरी म्हणजे त्यांच्याच हातातली वस्तू, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दातून काहीच निष्पन्न होत नाही. शिवाय सगळ्याच ओळींना ‘बहुधा’ लावलं की वाचणारा तो शब्द वगळून वाचायला शिकतो.

तिसरा मसुदा असा झाला, आणि आजही थोड्याफार फरकाने आम्ही तोच वापरतो:

"तुमच्या ब्राउझरने स्वतःची ओळख ‘मॅकवरची सफारी’ अशी करून दिली, म्हणून यादीत मॅक दिसतो. आयपॅडवरची सफारीही स्वतःची ओळख अशीच करून देते, आणि केवळ या ओळीवरून दोन्हींतला फरक आम्हाला कळत नाही. तुम्ही आयपॅड वापरत असाल तर हीच यादी आत्ता त्याच आयपॅडवर उघडा. ज्या ओळीपुढे ‘सध्याचं सत्र’ लिहिलेलं असेल ती तुमची."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

यादीला आपण ‘डिव्हाइसेस’ म्हणतो, पण तिच्यातली एक ओळ म्हणजे एक डिव्हाइस नसतं. ती असते एक सत्र. तुम्ही लॉगिन केलंत की सर्व्हर ब्राउझरला एक लांबलचक, अंदाज न करता येण्यासारखी खूण देतो. ती कुकीमध्ये राहते आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर परत येते. यादीत ओळ असते ती त्या खुणेची. ‘मॅक, सफारी’ हे तिला चिकटवलेलं लेबल, तेही लॉगिनच्या वेळी आलेल्या चिठ्ठीवरून. त्यामुळे एकाच लॅपटॉपवर दोन ब्राउझर वापरले तर दोन ओळी दिसतात. कुकी पुसून पुन्हा लॉगिन केलं तर तिसरी येते आणि पहिली मुदत संपेपर्यंत भुतासारखी तिथेच राहते. आयपॅडवर एखाद्या साइटसाठी कुणी ‘मोबाइलचं पान मागा’ असं केलं तर त्याच सफारीच्या चिठ्ठीत ‘iPad’ येऊ लागतं, म्हणजे त्यानंतर पुन्हा लॉगिन केलं तर एकच आयपॅड यादीत दोन वेगळी यंत्रं वाटू शकतो.

आणि गंमत अशी की डिव्हाइस काय आहे हे सिस्टमला नीट माहीत नसलं तरी एक गोष्ट अगदी पक्की माहीत असते: आत्ता हे पान ज्याने मागितलं, त्याच्याकडे यादीतली कुठली खूण आहे. यात अंदाजाचा भागच नाही. खूण जुळते किंवा जुळत नाही. म्हणजे ‘मी कशावर आहे?’ या प्रश्नाला सिस्टम कच्चं उत्तर देते, पण ‘यातली मी कोणती?’ या प्रश्नाला पक्कं उत्तर देऊ शकते. बाईंना हवं होतं ते दुसरंच. त्यांनी आयपॅडवर यादी उघडली, मॅकच्या ओळीपुढे ‘सध्याचं सत्र’ असं होतं, आणि तिथेच विषय मिटला. खातं त्यांनी ठेवलं. पासवर्ड मात्र दोनदा बदलल्यामुळे आता लक्षात राहत नाही, अशी पुढची तक्रार आली, ती वेगळी.

इथे कुणी म्हणेल, मग आयपॅड आणि मॅक ओळखायचा उपाय नाही का? आहे. पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडला एक गोष्ट विचारता येते:

```
navigator.maxTouchPoints
```

एका वेळी किती बोटांचे स्पर्श ओळखता येतात याची ही संख्या. आयपॅड ५ सांगतो. मॅकला स्पर्शाचा पडदा नसतो, म्हणून तो ० सांगतो. चिठ्ठीत ‘Macintosh’ आणि स्पर्श एकापेक्षा जास्त, म्हणजे तो आयपॅड, असा ठोकताळा बरेच जण वापरतात आणि आम्हीही आता वापरतो. पण तो ठोकताळाच आहे. ही तपासणी पानावर कोड चालल्याशिवाय होत नाही, आणि लॉगिनची नोंद करणाऱ्या सर्व्हरला त्या क्षणी फक्त चिठ्ठी दिसते. म्हणून काही ओळींना ही जास्तीची माहिती मिळते, काहींना मिळत नाही. ज्यांना मिळाली तिथे आम्ही ‘आयपॅड’ लिहितो. जिथे नाही तिथे ‘मॅक किंवा आयपॅड, सफारी’. डिझाइन करणाऱ्या सहकारीणीला ‘किंवा’ अजिबात आवडलं नव्हतं. "यादी अशी चाचरत बोलते, बरं दिसत नाही," असं ती म्हणाली. मी तिला बाईंची मेल दाखवली. ‘किंवा’ राहिला.

मला वाटतं, ‘बहुधा मॅक’ आणि ‘मॅक किंवा आयपॅड’ यांतला फरक या सगळ्या विषयाचा गाभा आहे. पहिल्यात आपण फक्त आपला आत्मविश्वास कमी करतो. दुसऱ्यात आपण माहितीची हद्द नेमकी कुठे आहे ते दाखवतो, आणि पुढचं समोरचा माणूस स्वतः ठरवतो. कारण आयपॅड हातात त्याच्या आहे.

हाच घोळ दुसरीकडे दुसऱ्या रूपात येतो. अँड्रॉइडवरच्या क्रोमची आजची चिठ्ठी पाहा:

```
Mozilla/5.0 (Linux; Android 10; K)
AppleWebKit/537.36 (KHTML, like Gecko)
Chrome/124.0.0.0 Mobile Safari/537.36
```

फोन नवाकोरा असला आणि त्यात अँड्रॉइड १४ असलं तरी चिठ्ठीत ‘Android 10’ आणि मॉडेलच्या जागी एक अक्षर, ‘K’. पूर्वी त्या जागी फोनचं खरं मॉडेल यायचं. पण इतकी बारीक माहिती प्रत्येक साइटला आपोआप मिळत राहिली तर तिच्या आधारे माणसाचा माग काढता येतो, म्हणून २०२३ पासून क्रोमने अँड्रॉइडवर सगळ्यांसाठी एकच मजकूर ठेवला. क्रोमच्या आवृत्तीत पहिला आकडा तेवढा खरा, पुढची तिन्ही शून्यं. विंडोजचंही तसंच. विंडोज १० असो वा ११, चिठ्ठीत ‘Windows NT 10.0’ येतं. म्हणून एखाद्या यादीने तुम्हाला ठामपणे ‘विंडोज १०’ सांगितलं तर ती फक्त चिठ्ठी वाचून बोलतेय असं समजायला हरकत नाही.

आणि फोनवर क्रोमच्या मेन्यूतून ‘डेस्कटॉप साइट’ निवडली की चिठ्ठीत अँड्रॉइडसुद्धा उरत नाही. ‘X11; Linux x86_64’ येतं. म्हणजे खिशातल्या फोनवरून लॉगिन करणाऱ्याला यादी लिनक्सचा संगणक दाखवते. लिनक्स हे नावही न ऐकलेल्या माणसाला ते वाचून काय वाटत असेल, याची कल्पना करा. ‘हॅकर’ हा शब्द असलेल्या आमच्या मेलमधल्या बऱ्याचशा याच जातीच्या असतात.

क्रोमच्या घराण्यातल्या ब्राउझरांकडे ही माहिती मिळवायचा दुसरा, जरा सभ्य रस्ता आहे. सर्व्हरने आपल्या उत्तरात एक ओळ घालून सांगायचं की मला एवढं-एवढं हवंय:

```
Accept-CH: Sec-CH-UA-Model, Sec-CH-UA-Platform-Version
```

मग पुढच्या मागणीपासून ब्राउझर ती माहिती वेगळ्या ओळींत पाठवतो, पाठवायची असेल तर. `Sec-CH-UA-Model` मध्ये ‘SM-S911B’ असं काही आलं की तो सॅमसंगचा गॅलेक्सी एस २३ हे तक्त्यावरून कळतं. `Sec-CH-UA-Platform-Version` मध्ये विंडोजसाठी १३ किंवा त्याहून मोठा पहिला आकडा आला तर विंडोज ११, एक ते दहा आला तर विंडोज १०. हे आकडे विंडोजच्या नावातले नाहीत, पण मायक्रोसॉफ्टने ते असेच ठरवून दिले आहेत. फायरफॉक्स आणि सफारी मात्र या ओळी पाठवत नाहीत. तिथे आपण चिठ्ठीवरच अवलंबून.

इथे प्रामाणिकपणाचा एक वेगळाच प्रश्न येतो, आणि तांत्रिक लोक तो हमखास विसरतात. ही माहिती आपोआप आली नाही, आपण मागितली. तेव्हा कुणी विचारलं, "माझ्या फोनचं मॉडेल तुम्हाला कसं कळलं?" तर "तुमच्या ब्राउझरने पाठवलं" हे अर्धंच उत्तर आहे. पूर्ण उत्तर: "आम्ही तुमच्या ब्राउझरला मॉडेल विचारलं, त्याने सांगितलं. लॉगिनच्या यादीत तुम्हाला आपला फोन ओळखता यावा म्हणून आम्ही ते विचारतो." याला फक्त दोन वाक्यं लागतात. त्याऐवजी ‘आमची प्रगत सुरक्षा प्रणाली आपलं डिव्हाइस ओळखते’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. त्या वाक्यातून विचारणाऱ्याला काय कळलं? काहीतरी गूढ आणि सर्वज्ञ आपल्यावर नजर ठेवून आहे, एवढंच. आणि ते खरंही नसतं. प्रगत प्रणाली म्हणजे एक ओळ वाचून तक्त्यात शोधणारा कोडचा तुकडा.

याच्या उलट टोकाचं खोटंही असतं आणि ते जास्त सभ्य दिसतं. कुणी जरा चिडून विचारलं की घाबरून उत्तर जातं: "आम्ही आपल्या डिव्हाइसची कोणतीही माहिती घेत नाही." पण सर्व्हरच्या नोंदींत प्रत्येक मागणीची चिठ्ठी जशीच्या तशी उतरत असते, बहुतेक सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ते नेहमीचंच आहे. ती किती दिवस ठेवली जाते हे ज्याने सर्व्हर लावला त्याला विचारलं तर समजतं. सपोर्टवाल्याने तो आकडा माहीत करून घ्यावा आणि विचारल्यावर सांगावा. आपण डिव्हाइस ओळखत नाही आणि आपल्याकडे त्याबद्दल काहीच नाही, ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं बऱ्याचदा खरं असतं. दुसरं जवळपास कधीच नसतं.

ब्राउझर सोडून अॅपमध्ये आलं की चित्र बरंच बदलतं. फोनमध्ये बसवलेलं अॅप फोनच्या यंत्रणेलाच मॉडेल विचारू शकतं, आणि उत्तर सहसा नेमकं असतं. पण तिथेही एक खड्डा आहे. आयफोन आपली अंतर्गत खूण सांगतो, उदाहरणार्थ `iPhone14,5`. हे वाचून कुणाच्याही तोंडात ‘आयफोन १४’ येईल. पण ही आयफोन १३ ची खूण आहे. आयफोन १४ ची `iPhone14,7`. आमच्या एका जुन्या अहवालात आयफोन १३ वाले सगळे १४ वाले म्हणून मोजले गेले होते, आणि ते कळलं एका ग्राहकामुळे. चॅटवर त्याने साधं विचारलं होतं, "माझा फोन कोणता दिसतोय तुम्हाला?" उत्तर गेलं ‘आयफोन १४’, आणि तो म्हणाला, "वा, तुमच्याकडे तरी नवीन आला!"

चॅटचा विषय निघालाच आहे तर काळाबद्दलही सांगतो. चॅटची खिडकी ज्या ब्राउझरमध्ये उघडी आहे त्याची चिठ्ठी सपोर्टवाल्यासमोर ताजी असते. तिथे ‘आत्ता’ म्हणता येतं. मेलमधून प्रश्न आला तर त्या मेलचा आणि यादीतल्या ओळींचा काहीच संबंध नसतो. माणूस ऑफिसच्या संगणकावरून मेल लिहीत असेल आणि शेवटचं लॉगिन काल रात्री फोनवरून झालेलं असेल. तेव्हा ‘तुम्ही अमुक वापरत आहात’ असं लिहिणं चूक. ‘काल रात्री ९:४० ला झालेल्या लॉगिनची नोंद अशी आहे’ असं लिहिलं की माणूस त्या वेळी आपण काय करत होतो ते आठवतो, आणि पुष्कळदा त्याचं तोच कोडं सोडवतो.

प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे यालाही महत्त्व आहे, हे मला उशिरा समजलं. आम्ही आधी विचारायचो, "तुम्ही मॅकवर आहात का?" आणि आश्चर्य वाटेल, पण आयपॅडवाली काही माणसं ‘हो’ म्हणायची. कारण सफरचंदाचं चिन्ह तर आहेच, आणि कंपनीचा माणूस म्हणतोय म्हणजे असेल. सिस्टमने चुकीचं ठरवलं, आम्ही ते चुकीचं वदवून घेतलं, आणि मग ‘ग्राहकानेही दुजोरा दिला’ अशी नोंद केली. आता आम्ही यादीत काय दिसतंय ते आधी सांगतच नाही. "तुमच्यासमोर जे यंत्र आहे त्याला कीबोर्ड जोडलेला आहे का? पडद्यावर बोटाने सरकवता येतं का?" असं विचारतो. उत्तर आल्यावर मग आपल्याकडचं सांगायचं. तो पुढे विचारेल, "मग तुमच्याकडे वेगळं का दिसतं?" तेव्हा कारणही सांगायचं.

एक सावधगिरी मात्र कायम ठेवावी लागते. ‘मॅक म्हणजे तुमचाच आयपॅड’ हे कळल्यावर लोक इतके सुटल्यासारखे होतात की पुढे मॅकची कुठलीही ओळ त्यांना आपलीच वाटते. पण चिठ्ठीत काहीही लिहिता येतं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ती बदलायची सोयच असते, आणि कमांड लाइनवर तर एवढंच पुरतं:

```
curl -A "Macintosh Safari" https://example.com
```

म्हणजे चोराला तुमच्या आयपॅडसारखी चिठ्ठी पाठवणं कठीण नाही. म्हणून ओळखीचं लेबल दिसलं याचा अर्थ सगळं ठीक असा घेता येत नाही, आणि अनोळखी लेबल दिसलं म्हणजे कुणी घुसलं असाही नाही. बाईंना मी हे फोनवर सांगितलं, तेव्हा त्या जरा नाराज झाल्या. "मग तुमच्या यादीचा उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ज्या ओळीपुढे ‘सध्याचं सत्र’ नाही आणि जी वेळ पाहूनही तुम्हाला आठवत नाही, ती सरळ बंद करा. ती तुमचीच निघाली तर फार तर पुन्हा एकदा लॉगिन करावं लागेल.

त्यानंतर आम्ही प्रत्येक ओळीखाली एक छोटी कळ ठेवली: ‘हे असं का दिसतंय?’ ती दाबली की ब्राउझरने पाठवलेली मूळ चिठ्ठी जशीच्या तशी दिसते आणि तिच्याखाली आम्ही तिचा काय अर्थ लावला ते दोन ओळींत असतं. बहुतेक लोक ती कळ दाबत नाहीत. जे दाबतात ते चिठ्ठी नीट वाचतात, असं त्यांच्या प्रश्नांवरून दिसतं. गेल्या आठवड्यात एकाने विचारलं, "माझ्या फोनच्या ओळीत अँड्रॉइड १० नंतर K लिहिलंय. हा K कोण?"

त्याला मी उत्तर लिहिलं: कुणी नाही. पूर्वी तिथे तुमच्या फोनचं मॉडेल यायचं, ते आम्हाला कळू नये म्हणून क्रोमने त्या जागी हे अक्षर ठेवलंय. अँड्रॉइड १० चंही तसंच, तुमच्या फोनमध्ये कोणतं आहे ते आम्हाला इथून दिसत नाही.